सोसायटीच्या झेंडावंदनाला चेअरमनचं भाषण: तीन मिनिटांत नेमकं काय बोलावं?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमची दोन विंगची सोसायटी आहे. या वर्षी चेअरमनपद माझ्याकडे आलंय, त्यामुळे १५ ऑगस्टला सकाळी आठला झेंडावंदनानंतर बोलायचं आहे. पहिलीपासून कॉलेजपर्यंतची मुलं, नोकरी-धंद्यातली मंडळी, आणि सत्तरी-ऐंशीचे बरेच ज्येष्ठ समोर असतात. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू. वॉचमन आणि साफसफाईच्या ताईही येतात.

मागची काही वर्षं ज्यांनी भाषणं केली ती ऐकताना एक गोष्ट दिसायची. तिसऱ्या मिनिटाला मुलं पार्किंगमध्ये पळायची, सहाव्या मिनिटाला आजी-आजोबा भिंतीला टेकायचे, आणि शेवटी ऐकायला कमिटीच उरायची. मला तसं नको आहे. बोलणं देशाबद्दल असावं, मनापासून असावं, छोटं असावं, आणि सहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना काहीतरी मिळावं.

मसुदा लिहिलाय. सुरुवात अशी आहे:

"आदरणीय व्यासपीठ, आपल्या सोसायटीचे सन्माननीय सेक्रेटरी, खजिनदार, कमिटीचे सर्व सदस्य, ज्येष्ठ नागरिक, माता-भगिनी आणि बालमित्रहो, सर्वप्रथम ज्या हजारो ज्ञात-अज्ञात हुतात्म्यांनी आपल्या प्राणांची आहुती देऊन आपल्याला हा सुवर्णदिन दाखवला त्यांना विनम्र अभिवादन करून मी माझे विचार आपल्यासमोर मांडतो..."

पुढे १८५७ पासूनचा आढावा, गांधीजी, सुभाषबाबू, भगतसिंग, सोलापूरचे चार हुतात्मे, मग विज्ञानातली प्रगती, पर्यावरण, आणि शेवटी सोसायटीतल्या काही सूचना. घरी वाचून पाहिलं तर नऊ मिनिटं लागतात. काय कापू, काय ठेवू?

मंदाताई_मास्तरीण
होटगीरोडकर, पस्तीस वर्षं शाळेत झेंडावंदनं घेतली, म्हणून सांगते. आधी माणसं किती वेळ उभी राहणार आहेत ते मोजा. लोक आठला बोलावले की पावणेआठपासून खाली येतात. झेंडा वर जायला सव्वाआठ होतात. मग राष्ट्रगीत. म्हणजे तुमचा पहिला शब्द निघेपर्यंत आजोबा अर्धा तास उभे आहेत. अशा माणसापुढे नऊ मिनिटं कोणाचीच टिकत नाहीत.

राष्ट्रगीत संपलं की सगळ्यांना बसू द्या. ज्येष्ठांसाठी प्रत्येक घरातून एक खुर्ची आदल्या रात्रीच खाली आणून ठेवायची, आणि लहान मुलांना पुढे सतरंजी. मुलं पुढे बसली की पळत नाहीत, मागे उभी राहिली की पळतात. आणि राष्ट्रगीत स्पीकरवर लावू नका, म्हणा. बावन्न सेकंदांचं आहे, सगळ्यांना येतं. सुरुवात कोणी द्यायची एवढं मात्र आधी ठरवा, नाहीतर तीन जण तीन पट्ट्यांत सुरू करतात.

दत्ताराम_के
मी नियमांबद्दल बोलतो, कारण भाषण चांगलं झालं आणि ध्वजाचा अवमान झाला तर काय उपयोग. ध्वज खादीचाच हवा. सूर्यास्ताच्या आत उतरवलाच पाहिजे. ध्वजात फुलं बांधणं चालत नाही. केशरी पट्टा वर. फाटका, मळका ध्वज लावायचा नाही. आणि भाषण ध्वजारोहणाच्या आधी करावं म्हणजे लोक वेळेवर येतात.

माजी_एनसीसी
दत्ताराम, केशरी वर आणि फाटका ध्वज नको, हे दोन्ही बरोबर. बाकीच्यात थोडी दुरुस्ती. भारतीय ध्वज संहिता २००२ मध्ये ३० डिसेंबर २०२१ ला बदल झाला. तेव्हापासून खादी, सूत, रेशीम, लोकर यांच्याबरोबर पॉलिस्टरचा आणि मशीनवर शिवलेला ध्वजही चालतो. जुलै २०२२ मध्ये आणखी एक बदल झाला. उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला ध्वज आता रात्रीही राहू शकतो. सूर्यास्ताचा नियम आपण सगळे शाळेत शिकलो, पण तो आता तसा राहिलेला नाही. तरी ज्या सोसायटीत रात्री बघायला कोणी नाही, तिथं संध्याकाळी उतरवून घडी घालून ठेवणंच बरं.

फुलांच्या पाकळ्यांना संहितेत परवानगी आहे. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिनाला ध्वज उलगडण्याआधी त्यात पाकळ्या ठेवता येतात. फक्त ऑगस्टमध्ये एक अडचण येते. पाकळ्या ओल्या झाल्या की कापडाला चिकटतात, गाठ आवळते आणि वर गेल्यावर ओढूनही उघडत नाही. पावसाची भुरभुर असेल तर कोरड्या पाकळ्या मूठभरच घ्या, आणि आदल्या संध्याकाळी ओल्या दोरीनेच एकदा रंगीत तालीम करा. कप्पी फिरते का, गाठ एका झटक्यात सुटते का, हे त्यात कळतं. गाठ अडकून चार मिनिटं गेली तर पुढच्या भाषणाची लोकांची तयारीच संपते.

ध्वज चढवताना झपाझप, उतरवताना सावकाश. आणि भाषण ध्वजवंदन आणि राष्ट्रगीतानंतरच. लोकांना वेळेवर आणायचं असेल तर भाषण पुढं घेऊन काही होत नाही. मुलांना पुढे उभं करा, पालक आपोआप येतात.

दत्ताराम_के
पॉलिस्टरचं मला माहीत नव्हतं. पण खादीचाच घ्यावा असं माझं मत कायम आहे. नांदेडच्या खादीचा ध्वज मिळतो, किंमत जास्त असली तरी वर्गणीत बसते.

बाल्कनी_ए४०२
या निमित्तानं विचारतो. आमच्या सोसायटीत कमिटीनं नोटीस लावली की बाल्कनीत झेंडा लावायचा नाही, इमारतीचं रूप बिघडतं. चेअरमनच्या भाषणात याबद्दल काही सांगता येईल का? माझ्या मते हेच खरं महत्त्वाचं आहे.

माजी_एनसीसी
दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर वेगळा धागा काढा. इथं एवढंच सांगतो. सन्मानानं राष्ट्रध्वज फडकवणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००४ मध्ये नवीन जिंदल यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्यावर वाजवी निर्बंध येऊ शकतात. कमिटीशी बोलताना हा निकाल हाताशी ठेवा. भाषणात मात्र कोणीच हा विषय घेऊ नये. १५ ऑगस्टच्या सकाळी माईकवरून वाद सुरू झाला की पुढच्या वर्षी निम्मे लोक खाली येत नाहीत.

रेवती_निवेदक
मी आकाशवाणीवर निवेदन करायचे. कानासाठी लिहिणं आणि कागदासाठी लिहिणं यातला फरक इथं महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोकळ्या जागी, माईकवर, सगळ्यांना कळेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. घरात कागद वाचताना आपण दीडशेच्या पुढे जातो, म्हणून घरी नऊ मिनिटं लागलेलं भाषण खाली तेरा-चौदा मिनिटं चालतं. तीन मिनिटं हवी असतील तर कागदावर अडीचशेच्या आत थांबा. उरलेला वेळ थांबण्यात, मुलांच्या उत्तरात आणि टाळ्यांत जातो.

दोन विंगच्या मध्ये आवाज एका भिंतीवर आपटून दुसरीकडे येतो. लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवातीचा प्रतिध्वनी वर चढलेला असतो. तुमच्या मसुद्यातलं पहिलं वाक्य पस्तीस-चाळीस शब्दांचं आहे, त्यातलं मागच्या रांगेला "हो... हो... मांडतो" एवढंच ऐकू येईल. दहा-बारा शब्दांचं वाक्य, मग थांबा. मोठा एक स्पीकर भिंतीवर लावण्यापेक्षा छोटे दोन, लोकांच्या जवळ, कमी आवाजात ठेवा. प्रतिध्वनी बराच कमी होतो.

आता मजकूर. १८५७ पासूनचा आढावा पूर्ण काढा. जे मोठ्यांना माहीत आहे ते पुन्हा ऐकताना ते मनातल्या मनात दुसरीकडे जातात, आणि जे लहानांना माहीत नाही ते नऊ नावांच्या यादीत हरवतं. आढाव्याच्या जागी एकच गोष्ट घ्या, आणि ती सोलापूरची घ्या. तुमच्या मसुद्यात चार हुतात्मे सुभाषबाबूंनंतर एका ओळीत येऊन गेलेत. खरं भाषण त्या ओळीत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं नुसती थांबून घेतली तरी तुमच्या दोन विंगमधलं प्रत्येक घर त्यात कुठेतरी आपलं नाव ऐकतं. त्यावर एकात्मतेचं वेगळं प्रवचन लागत नाही.

सोलापूरचा_अभिमान
व्वा रेवतीताई! भाषणात हेही टाका की सोलापूर १९४७ च्या आधी सतरा वर्षं स्वतंत्र झालं होतं, इंग्रज पळून गेले होते, आणि नगरपालिकेवर अशोकचक्राचा तिरंगा देशात सगळ्यात पहिला इथंच फडकला. अंगावर काटा येईल लोकांच्या.

रेवती_निवेदक
दादा, तुमचा अभिमान मलाही आहे, पण माईकवर जाणारं प्रत्येक वाक्य खणखणीत असायला हवं. समोर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक बसलेले असू शकतात.

जे ठाम सांगता येतं ते असं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात लोक रस्त्यावर आले. ८ मे ला गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळपास उरला नव्हता, आणि याच दिवसांना आपण अभिमानानं स्वातंत्र्याचे दिवस म्हणतो. पण १२ मे ला लष्करी कायदा आला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या काळात झेंडा मिरवणं गुन्हा होता आणि त्यासाठी लोकांना सक्तमजुरी झाली. पुढे चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं.

आणि १९३० च्या झेंड्यावर अशोकचक्र नव्हतं, चरखा होता. रंगही वेगळे, वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम १९३१ मध्ये ठरला, आणि चक्राचा आजचा ध्वज संविधान सभेनं २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. "देशात पहिलं" हे शब्द भाषणातून काढा. त्यावर कोणीतरी गेटवर वाद घालतोच, आणि चार माणसं फासावर गेली ही गोष्ट पहिलं-दुसरं ठरवल्याशिवायही तितकीच मोठी आहे.

सोलापूरचा_अभिमान
चरख्याचं पटलं. "देशात पहिलं"बद्दल मात्र मला घरातल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितलंय त्यावर मी ठाम आहे. भाषणात नका घेऊ, चालेल.

सेकंडइयर_मेक
मी एकोणीस वर्षांचा आहे. सोसायटीच्या झेंडावंदनाला मी दरवर्षी जातो, कारण मला ते आवडतं. पण दर वेळी भाषणात "आजची तरुण पिढी मोबाईलमध्ये गुंतली आहे" हे वाक्य येतं. सकाळी आठला आंघोळ करून खाली उभा असलेल्या मुलाला हे ऐकवलं की त्याला वाटतं, पुढच्या वर्षी नको. काका, हे वाक्य तुमच्या मसुद्यात असेल तर प्लीज काढा. तरुणांना काहीतरी काम द्या. स्पीकर लावायला, खुर्च्या मांडायला, रांगोळीला. आमच्या ग्रुपमधले सगळे येतील.

होटगीरोडकर
ते वाक्य पर्यावरणाच्या परिच्छेदात होतं. काढलं.

मंदाताई, खुर्च्यांचं आजच कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. सेकंडइयर, आमच्या बी विंगमधल्या तिघांना स्पीकरचं काम दिलं, आनंदानं तयार झाले.

आता सूचनांचं विचारतो. कमिटीचा आग्रह आहे की वर्षातून एकदाच एवढी माणसं एकत्र येतात, तर मेंटेनन्सची थकबाकी, ओला-सुका कचरा, आणि दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावणं, या तिन्ही गोष्टी सांगून टाकाव्यात. खजिनदार तर यादीच घेऊन बसलेत.

मंदाताई_मास्तरीण
अजिबात नाही. ज्याची थकबाकी आहे तो त्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन आला असेल. त्या मुलासमोर बाबांची मान खाली गेली तर तो मुलगा मोठेपणी झेंडावंदनाला यायचा नाही. नोटीस बोर्ड आहे, सर्वसाधारण सभा आहे, तिथं बोला. शाळेत आम्ही १५ ऑगस्टला फीचा विषय कधी काढला नाही.

खजिनदार_सी३०१
मी दुसऱ्या सोसायटीचा खजिनदार आहे आणि मला मंदाताईंचं पूर्ण पटत नाही. सभेला कोरम होत नाही, नोटीस कोणी वाचत नाही. नावं न घेता, एका वाक्यात, "आपली सोसायटी आपली जबाबदारी" एवढं म्हटलं तर कोणाचा अपमान होतो?

रेवती_निवेदक
नाव न घेताही सगळ्यांना कळतं कोणाला उद्देशून आहे. पण तुमची गरज खरी आहे. यातून मार्ग असा. भाषणात एक विनंती ठेवायची, एकच, आणि ती झेंड्याशीच जोडलेली असावी. त्या दिवशी दुपारपासून रस्त्यावर कागदी झेंडे पडलेले दिसतात, पावसात चिखलात जातात. ध्वज संहितेप्रमाणे कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नसतात, सन्मानानं, खासगीत त्यांची विल्हेवाट लावायची असते. प्लॅस्टिकचे तर वापरायचेच नाहीत. वॉचमनच्या केबिनपाशी एक स्वच्छ पेटी ठेवा. संध्याकाळी पाचला मुलं, तरुण, ज्यांना चालता येतं ते आजी-आजोबा, सगळे मिळून समोरचा रस्ता फिरून झेंडे गोळा करतील. हे सहा वर्षांच्या मुलालाही करता येतं आणि ऐंशीच्या आजोबांनाही. थकबाकीचं पत्र सोळा तारखेला द्या.

माजी_एनसीसी
पेटीतले झेंडे तुडवले जाणार नाहीत अशा बंद खोलीत ठेवा आणि मग दोघा-तिघांनी मिळून शांतपणे, पूर्ण जाळून टाका. संहितेत जाळणं हाच शिफारस केलेला मार्ग आहे. मुलांसमोर करू नका, गंमत म्हणून बघायला गर्दी होते.

होटगीरोडकर
हे फार आवडलं. दुसरा मसुदा लिहिला. झेंडा आमच्या बी विंगमधल्या एका आजींच्या हस्ते फडकवायचं ठरलंय, देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. त्यांना विचारलं, खूष झाल्या. मसुदा:

"नमस्कार. आधी लहान मुलांना एक प्रश्न. वर बघा. झेंड्याच्या मध्ये निळं चक्र आहे. त्याला किती आरे आहेत?

चोवीस. बरोबर.

आता मोठ्यांना सांगतो. १९३० साली सोलापुरात जो झेंडा होता, त्यावर हे चक्र नव्हतं. चरखा होता. त्या वर्षी मे महिन्यात इंग्रज सरकारनं आपल्या गावात लष्करी कायदा लावला. हातात झेंडा घेऊन फिरणं हा गुन्हा झाला. लोक तरी फिरले. त्यासाठी ते तुरुंगात गेले.

आपल्या गावच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. चौघे वेगवेगळ्या घरांतले. गाव एक, झेंडा एक.

आज आपल्या झेंड्याची दोरी आजींनी ओढली. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. ज्या झेंड्यासाठी लोक तुरुंगात गेले, तो त्यांनी आज आपल्या अंगणात फडकवला. कोणाला विचारावं लागलं नाही. कोणाची भीती वाटली नाही. स्वातंत्र्य म्हणजे आपल्यासाठी ही सकाळ.

आता एक विनंती. आज रस्त्यावर कागदी झेंडे पडतील. आपण ते पडू द्यायचे नाहीत. संध्याकाळी पाच वाजता गेटपाशी जमू. मुलं, दादा-ताई, आजी-आजोबा, सगळे. वॉचमन मामांच्या केबिनपाशी पेटी ठेवली आहे. एकेक झेंडा उचलू आणि त्यात ठेवू.

भारत माता की जय. जय हिंद."

घड्याळ लावून बाल्कनीत बोललो, सव्वादोन मिनिटं झाली. अजून काय काढू?

रेवती_निवेदक
आता भाषण झालं. दोन ठिकाणी हात लावते.

"स्वातंत्र्य म्हणजे आपल्यासाठी ही सकाळ" हे काढा. त्याच्या आधीची दोन वाक्यं, "कोणाला विचारावं लागलं नाही, कोणाची भीती वाटली नाही", यांनी सगळं सांगून झालंय. व्याख्या आली की परिणाम पातळ होतो.

दुसरं, प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. मोजून. माईकवर तीन सेकंद फार वाटतात आणि घाबरून आपणच उत्तर देतो. उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. कोणी "बत्तीस" म्हटलं तर "मोजून बघ" म्हणा, चुकीचं म्हणू नका. चार नावांच्या मध्येही एकेक श्वास घ्या. आकडे अंकांत लिहिलेत, ते कागदावर अक्षरांत लिहा, "एकोणीसशे तीस". धांदलीत अंक वाचताना जीभ अडते.

कागद मोठ्या अक्षरांत, दोन पानांवर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घ्या. फोनवरून वाचू नका, भुरभुर पावसात स्क्रीन हाताला दाद देत नाही.

तेलुगू_सून
माझं सासर सोलापुरात, पद्मशाली कुटुंब. आमच्या घरात सासूबाईंना मराठी समजतं पण भाषणाचं मराठी जरा जड जातं. होटगीरोडकर काका, हा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. सगळं समजलं. चार नावं ऐकून त्या म्हणाल्या, माझ्या वडिलांनी गोष्ट सांगितली होती. फक्त विनंतीचा भाग तेलुगू आणि हिंदीत एकेकदा सांगितला तर बऱ्याच बायका पाचला येतील. बाकी भाषण मराठीतच ठेवा.

दत्ताराम_के
राष्ट्रीय दिनाला एक भाषा ठेवावी, असं मला वाटतं. तीन भाषांत तेच तेच झालं की लांबतं.

तेलुगू_सून
दादा, एक-दोन वाक्यंच आहेत. आणि ती चेअरमननी नाही, आमच्यातल्या एका मुलीनं म्हणायची. वीस सेकंद.

सेकंडइयर_मेक
मला ही कल्पना आवडली. विनंती मुलांनीच करावी, तिन्ही भाषांत. काकांचं भाषण चार नावांवर आणि आजींवर संपेल आणि पुढचं मुलं घेतील.

मंदाताई_मास्तरीण
मुलांना द्यायचं तर आधी एकदा माईकसमोर उभं करून म्हणायला लावा. ऐनवेळी माईक तोंडाला चिकटवतात आणि काहीच कळत नाही. एक वीत अंतर.

खजिनदार_सी३०१
मी अजूनही म्हणेन की शेवटी चहा घेताना थकबाकीचा विषय काढायला हरकत नाही. पण भाषण चांगलं झालंय. आमच्या चेअरमनना पाठवू का? आम्ही पुण्याला आहोत, तिथं सोलापूरची गोष्ट चालेल का?

रेवती_निवेदक
चालेल, येरवडा तुमच्याच गावात आहे. पण तुमच्या भागातली गोष्ट मिळाली तर ती घ्या. नंदुरबारला असाल तर ९ सप्टेंबर १९४२ आणि शिरीषकुमार. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड भागात असाल तर १५ ऑगस्ट १९४७ ला तिथं निजामाचंच राज्य होतं, मुक्ती १७ सप्टेंबर १९४८ ला आली, त्यावर तीन मिनिटं सहज बोलता येतं. मुंबईत गवालिया टँकवर ९ ऑगस्ट १९४२ ला अरुणा असफ अलींनी फडकवलेला झेंडा आहे. नाव, तारीख आणि जागा या तिन्ही गोष्टी ज्या गोष्टीत आहेत ती घ्या, आणि जागा अशी घ्या जी समोरच्या माणसांनी पाहिली आहे.

होटगीरोडकर
ठरलं. भाषण आजींच्या वाक्यांवर थांबवतो, "कोणाची भीती वाटली नाही" इथंच. विनंती तीन मुलं तीन भाषांत करतील: मराठी ए विंगमधला चौथीतला मुलगा, तेलुगू तेलुगू_सून ताईंची पुतणी, हिंदी आमच्या वॉचमन मामांची मुलगी. "भारत माता की जय" त्यानंतर सगळे मिळून. कमिटीतले काही अजूनही म्हणतात की चेअरमननंच शेवट करावा, त्यांच्याशी आज संध्याकाळी बोलतो. दोरीची तालीम चौदाला सहा वाजता आहे. माजी_एनसीसी साहेब, गाठ कशी मारायची याचा एखादा फोटो असेल तर टाका ना.

माजी_एनसीसी
फोटोनं नीट कळणार नाही, छोटा व्हिडिओ करून रात्री टाकतो. तोवर एक लक्षात ठेवा. ओढायचं टोक आणि चढवायची दोरी वेगवेगळ्या बाजूला ठेवा, आणि ओढायच्या टोकाला सुतळीचा लाल तुकडा बांधा. आजींच्या हातात नेमकं तेच टोक द्या.